खुळखुळ्यांच्या जोड्या

> ‘सारख्या आवाजाच्या जोड्या ओळखण्याच्या खेळासाठी पाण्याच्या लहान बाटल्यांचे खुळखुळे केले, पण मुले आवाज न ऐकताच जोड्या लावतात.’

मुले बहुधा आतले दाणे पाहून किंवा बाटलीच्या वजनावरून जोडी ओळखत असावीत. बाटल्यांवर जुने मोजे चढवावेत आणि वाळू, तांदूळ व राजमा चमच्याने न मोजता स्वयंपाकघरातील काट्यावर सारख्याच वजनाचे भरावेत, कारण चमचाभर वाळू चमचाभर तांदळापेक्षा जड भरते. सुरुवात वाळू आणि राजमा या दोनच जोड्यांनी करावी. तांदळाचा आवाज मधला असल्याने तो नंतर आणावा (तांदूळ भाजून घ्यावा, नाहीतर पोरकिडे होतात). झाकण मात्र आतून चिकटवून वर चिकटपट्टी गुंडाळावी, कारण सुटलेले झाकण किंवा राजम्याचा दाणा तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो.