मदत हवी आहे: पोर्टफोलिओत आधी काय लावू?

बडोद्याच्या एका स्टुडिओत इंटर्नशिपसाठी पीडीएफ पाठवायचीय, त्यांचं काम मुख्यतः पॅकेजिंग आणि पुस्तकांचं. माझ्याकडे अकरा प्रोजेक्ट होते, छाटून पाच ठेवलेत. लोगोचे ते सहा नमुने काढलेच, सगळे वर्गातल्या असाइनमेंटचे आणि एकाच साच्यातले वाटत होते.

आता अडलंय ते क्रमावर. दांडिया बाजारातल्या काकांच्या दुकानासाठी चिवड्याचं पाकीट केलंय, मराठी-गुजराती दोन्ही अक्षरं एकाच आकाराची दिसेनात म्हणून गुजराती दोन पॉइंटनी वाढवलं, ते खरंच छापून विकलं जातंय. पण फोटो मोबाईलवरचे, जरा पिवळट. दुसरीकडे कॉलेजचं पुस्तक-मुखपृष्ठ, दिसायला एकदम चकाचक पण ग्रुपचं काम, माझं फक्त टायपोग्राफीचं.

मला वाटतं पाकीट पहिलं आणि मुखपृष्ठ शेवटी, कारण बघणारा मधली पानं भराभर सरकवतो. ताई म्हणते चकाचक तेच आधी. तुम्ही काय कराल? आणि पाकिटाचे फसलेले तीन ड्राफ्ट एका पानावर दाखवू की नको? फोटो खिडकीच्या उजेडात परत काढतेच आहे, फाईलपण ४० एमबीवरून खाली आणायचीय.