शब्दचर्चा : ‘या वास्तूचे शिल्पकार’ म्हटल्यावर नेमके कोण उभे राहणार?

खडूफळा :
शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन आहे. बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, भाषणातला आभाराचा परिच्छेद तपासून हवा आहे. मसुदा असा :

‘या भव्य वास्तूचे शिल्पकार, सुप्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ, तसेच आमचे बिल्डर यांना मी मनःपूर्वक आभार मानते. त्यांच्या परिश्रमांमुळे आठ महिन्यांत तिन्ही स्लॅब पडले आणि आज हे उद्धाटन होत आहे. गवंडी, सुतार, बिगारी यांचेही धन्यवाद.’

मुख्य प्रश्न आर्किटेक्टसाठी कोणता शब्द वापरावा हा आहे. वास्तुशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, वास्तुरचनाकार की स्थपती?

निळी शाई :
स्थपती. बाकी सगळी जोडकामे आहेत. ‘विशारद’ ही गाण्याची परीक्षा, इमारतीशी तिचा संबंध काय? स्थपती हा जुना, शुद्ध शब्द आहे आणि मयमतासारख्या जुन्या वास्तुग्रंथात तोच आहे.

मुद्रितशोधक :
निळी शाई, अर्धे बरोबर. मयमतात स्थपती आहे, पण तिथे तो एकटा नाही. स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चौघे मिळून काम करतात. स्थपती सगळ्यांच्या वर, सूत्रग्राही दोरीने मापे धरणारा, उरलेले दोघे घडण आणि जोडणी करणारे. तेव्हा शब्द उत्तम आहे यात वाद नाही.

विशारदाचे मात्र उलटे आहे. संस्कृतात विशारद म्हणजे निपुण, जाणकार. परीक्षेला ते नाव नंतर मिळाले. वास्तुविशारद म्हणजे वास्तूच्या कामातला जाणकार, यात जोडकाम काही नाही.

अडचण शब्दाच्या शुद्धतेची नाही, ऐकणाऱ्याच्या कानाची आहे. ‘स्थापत्य’ हा शब्द मराठीत सिव्हिल इंजिनिअरिंगने घेऊन टाकला आहे. मूळ अर्थाने स्थापत्य हे स्थपतीचे काम, पण आज स्थापत्य अभियंता म्हणजे सिव्हिलवाला. भाषणात ‘स्थपती’ म्हटले की निम्मे पालक इंजिनिअर समजतील आणि उरलेल्यांना ‘सभापती’ ऐकू येईल. माइक आणि मंडपाचे पत्रे यांच्यासमोर शब्द टिकला पाहिजे.

ओळंबा :
वास्तुशास्त्रज्ञ हा शब्द सरकारी आहे, चुकीचा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात ‘मुख्य वास्तुशास्त्रज्ञ’ हे पदच आहे आणि मुंबईचे जे.जे.सुद्धा वास्तुशास्त्र महाविद्यालय म्हणूनच ओळखले जाते. पण गावात ‘वास्तुशास्त्रज्ञ’ म्हटले की लोकांना होकायंत्र घेऊन येणारा, जिना ईशान्येला नको म्हणणारा माणूस आठवतो. शाळेने तसा कोणी बोलावला होता अशी चर्चा नको असेल तर हा शब्द टाळा.

मी ‘वास्तुविशारद’ घेईन. फक्त आधी नकाशावरचा शिक्का बघा. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे आर्किटेक्ट हे बिरुद वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळदा नकाशे सिव्हिल इंजिनिअरने केलेले असतात, आणि ते त्याने करण्यात गैर काही नाही. पण त्याला व्यासपीठावरून वास्तुविशारद म्हटले तर त्यालाच अवघडल्यासारखे होते. नकाशावर परिषदेचा नोंदणी क्रमांक दिसला तर वास्तुविशारद म्हणा. नसेल तर ‘इमारतीचा आराखडा करणारे अभियंता’ म्हणा.

खडूफळा :
शिक्का पाहिला. नोंदणी क्रमांक आहे. आर्किटेक्ट बाई आहेत, त्यामुळे काही बदलते का?

मुद्रितशोधक :
शब्द बदलत नाही, वास्तुविशारद दोघांनाही चालतो. ‘विशारदा’ करू नका, तसे मराठीत कोणी म्हणत नाही. आणखी एक : एकटा शब्द ‘वास्तू’ दीर्घ, पण समासात पुढे शब्द आला की ‘वास्तु’ ऱ्हस्व. म्हणून ‘नवी वास्तू’, पण ‘वास्तुविशारद’, ‘वास्तुशांत’. तुमच्या मसुद्यात हे बरोबर आहे, फलकावर जाताना बिघडते.

तुळशीवृंदावन :
वास्तुशांत उद्घाटनाच्या आधी करायची की नंतर? आमच्या सोसायटीत आधी फीत कापली आणि पूजा दुसऱ्या दिवशी ठेवली, त्यावरून बरेच बोलणे झाले.

ओळंबा :
काकू, इथे शब्दांचे चालले आहे. मुहूर्ताचे गुरुजींना विचारा.

खडूफळा, मला त्या परिच्छेदात सगळ्यात जास्त खटकले ते ‘तिन्ही स्लॅब पडले’. साइटवर आम्ही बिनधास्त म्हणतो, ‘आज दुसरा स्लॅब पडला’. तिथे त्याचा अर्थ काँक्रीट ओतून झाले एवढाच. पण मंडपात बसलेल्या आईला ऐकू येणार की शाळेचे तीन स्लॅब पडले. वर्तमानपत्रात स्लॅब पडतो तो दुसऱ्या अर्थाने. ‘तीन स्लॅब घातले’ किंवा ‘टाकले’ म्हणा. आणि ‘तिन्ही’ कशाला? तीन मजल्यांचे काम झाले असे सांगितले तरी पुरते.

दुसरे, ‘बिल्डर’. बिल्डर स्वतःच्या पैशाने बांधतो आणि गाळे विकतो. शाळेची इमारत संस्थेच्या पैशाने, ठरलेल्या दराने, मापे घेऊन ज्याने बांधली तो कंत्राटदार. बिल्डर म्हटले की कुठल्यातरी पालकाला वाटणार, जागा बिल्डरला दिली की काय.

वऱ्हाडी मिरची :
कंत्राटदार म्हटल्यावर लोक हसतात हो. रस्त्याच्या खड्ड्यांमुळे त्या शब्दाची इज्जत गेली आहे. ठेकेदार म्हणा.

निळी शाई :
ठेकेदारावर दारूच्या ठेक्याची सावली आहे. ‘मक्तेदार’ का नाही? मक्ता म्हणजे कंत्राटच.

मुद्रितशोधक :
होता. आता मक्तेदारी म्हणजे एकाधिकार, तो अर्थ पुसता येणार नाही. उपाय सोपा आहे, नाम टाळून क्रियापद वापरा : ‘ज्यांनी हे बांधकाम केले ते श्री. अमुक’. पुढे माणसाचे नाव येतेच, मग पदनामावरून भांडण कशाला.

आता ‘शिल्पकार’. आपल्याकडे ‘महाराष्ट्राचे शिल्पकार’, ‘संस्थेचे शिल्पकार’ असे संस्थापकांना, पुढाऱ्यांना म्हणतात. ‘या वास्तूचे शिल्पकार’ हे शब्द व्यासपीठावरून आले की संस्थेचे अध्यक्ष हात जोडून अर्धवट उठतात आणि पुढे ‘वास्तुविशारद’ ऐकून पुन्हा बसतात. ते टाळा. खरा शिल्पकार म्हणजे मूर्ती घडवणारा, हेही आहेच.

व्याकरण : ‘यांना आभार मानते’ चूक. आभार हे मानण्याचे कर्म आहे, तेव्हा ते कोणाचे ते सांगावे लागते : ‘यांचे आभार मानते’. ‘यांना’ हवेच असेल तर ‘यांना धन्यवाद देते’. मसुद्यात नेमकी अदलाबदल झाली आहे, वर ‘यांना आभार’ आणि खाली ‘यांचे धन्यवाद’. ‘आभारी’ घेतलात तर ते बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे चालते. बाई म्हणतील ‘मी त्यांची आभारी आहे’, सर म्हणतील ‘मी त्यांचा आभारी आहे’. पाहुण्याच्या लिंगाचा त्यात संबंध नाही.

खडूफळा :
आणि ‘उद्धाटन’? मी ‘उद्घाटन’च टंकले होते, फलकवाल्याकडून आलेल्या नमुन्यात ‘द्ध’ झाला आणि तोच मसुद्यात परत आला.

मुद्रितशोधक :
नेहमीचे आहे. द खाली घ आणि द खाली ध ही जोडाक्षरे लहान आकारात जुळी दिसतात, आणि हात ‘उद्धव’, ‘उद्धार’ला सरावलेला असतो. लक्षात ठेवायला ‘उघडणे’ हा शब्द धरा. उद्घाटन आणि उघडणे एकाच मुळातून आले आहेत, आणि ‘उघडणे’मध्ये घ आहे, ध नाही. फलकवाल्याला निरोपात मजकूर पाठवला तर तो आपल्या जुन्या टंकात पुन्हा टाइप करतो, तिथेच घात होतो. पीडीएफ पाठवा, आणि छपाईआधीचा नमुना मोठा करून एकेक जोडाक्षर बघा. ‘उद्‌घाटन’ असे पाय मोडून लिहिले तर कोणाचाच गोंधळ होत नाही. कोनशिलेच्या बाबतीत तर हे कराच, दगडावरचे अक्षर खोडता येत नाही.

निळी शाई :
पण कोनशिला पायाभरणीला बसवतात. उद्घाटनाला फलक असतो.

मुद्रितशोधक :
मूळ अर्थाने तुमचे खरे. वापरात दोन्हींना कोनशिला म्हणतात, आणि ‘कोनशिलेचे अनावरण’ उद्घाटनालाच होते. मी तो लढा सोडला आहे.

ओळंबा :
माणसांची यादी अपुरी आहे. स्लॅब ज्याच्या हिशेबावर उभा आहे तो आर.सी.सी. सल्लागार कुठेच नाही. कुठे किती जाडीची सळई हे त्याने ठरवले. लोखंड बांधणारे फिटर, सेंट्रिंगवाले, गिलावा करणारे, फरशीवाले, वायरमन, प्लंबर, रंगारी यांच्यातले ज्यांचे काम तुमच्या इमारतीत झाले त्यांची नावे घ्या. सेंट्रिंगवाल्यांना सुतारांत ढकलू नका, ते वेगळे. आणि स्लॅबला किमान सात दिवस पाणी मारणारा माणूस असतो, तो बहुधा राखणदारच. पाणी कमी पडले तर पृष्ठभागाला तडे जातात, म्हणजे त्याचे काम किरकोळ नाही.

वास्तुविशारदांचे आभारही ‘भव्य’, ‘सुप्रसिद्ध’ने मानू नका. काय केले ते सांगा. जोते किती उंच आहे?

खडूफळा :
४५ सेंटिमीटर. दारात उतार केला आहे, चाकाच्या खुर्चीसाठी.

ओळंबा :
उतार एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांब, असेल तर तो ५.४ मीटर आहे. इतकी जागा दारासमोर सोडण्याचा हट्ट नकाशात धरावा लागतो, नाहीतर उतार आखूड आणि उभा होतो आणि खुर्ची ढकलवत नाही. हे एक वाक्य दहा विशेषणांना भारी आहे. आधी मोजून मात्र घ्या, उतार मोजल्याशिवाय आकडा बोलू नका.

वऱ्हाडी मिरची :
‘गवंडी’ आमच्याकडे कमी, ‘मिस्त्री’ जास्त. आणि बायांना रेजा म्हणतात. तुमच्या मसुद्यात बाया कुठे आहेत?

मुद्रितशोधक :
मिस्त्री बहुधा पोर्तुगिजांकडून आला, गोव्यात ‘मेस्त’ म्हणतात. तुमची शाळा जिथे असेल तिथला शब्द घ्या. पण ‘बिगारी’बद्दल मी साशंक आहे. ‘बेगार’ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम. वेठही तेच, म्हणून वेठबिगार. १९७६च्या कायद्याने बंद केलेल्या गोष्टीचे नाव आभाराच्या वाक्यात नको.

ओळंबा :
साइटवर तो हुद्दा आहे, शिवी नाही. हजेरीपुस्तकात ‘गवंडी २, बिगारी ४’ असेच लिहितात, आणि तो माणूसही ‘मी बिगारी आहे’ असेच सांगतो. ‘श्रमिक बंधुभगिनी’ म्हटले की त्याला कळतही नाही की हे आपल्याला आहे.

खडूफळा :
बदललेला परिच्छेद :

‘वास्तुविशारद श्रीमती … यांनी दारासमोर ५.४ मीटर लांबीचा उतार राखला, म्हणून चाकाची खुर्ची वापरणारे मूल आज स्वतः आत येऊ शकते. आर.सी.सी. सल्लागार श्री. …, आणि ज्यांनी हे बांधकाम केले ते श्री. …, यांचे मी शाळेच्या वतीने आभार मानते. आठ महिन्यांत तीन स्लॅब घालणारे गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर, डोक्यावरून माल वाहणाऱ्या बाया आणि पुरुष, आणि रोज पाणी मारणारे आमचे राखणदार यांची शाळा ऋणी आहे.’

उतार उद्या फीत लावून मोजते. बिगारी शब्द तूर्त काढला आहे.

ओळंबा :
काढलात ते मला पटले नाही, बाकी वाचायला हरकत नाही. त्या लोकांना त्या दिवशी बोलावले आहे ना? काम संपल्यावर ते दुसऱ्या साइटवर जातात, निरोप मुकादमामार्फत आठवडाभर आधी द्यावा लागतो.

तुळशीवृंदावन :
आणि गुरुजींनाही.