अनुभव धागा : गेस्ट घसरून पडला अन् निघून गेला. त्याआधी काय टिपून ठेवता?

खसची_ताटी
कूलर निघाले गोदामातून. काल एका हॉलमध्ये ओल्या फरशीवर पिवळा बोर्ड पाहिला आणि जुना विषय डोक्यात आला. दरवर्षी मे महिन्यात आपल्या नागपुरात हेच होते. कूलरचं पाणी ओघळते, कोणाचा तरी पाय सरकतो, मॅनेजर धावतो, मलम, पाणी, "सॉरी सर", आणि गेस्ट ऑटोत बसून जातो. रजिस्टरमध्ये एकच ओळ उरते : "रात्री गेस्ट घसरला, किरकोळ लागलं, मलम लावलं."
तीन आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली की या ओळीचा काही उपयोग नाही. हॉटेल, भोजनालय, लॉन सांभाळणाऱ्यांनी आपापली पद्धत सांगा. गेस्ट दारात उभा आहे, हातात दहा मिनिटं आहेत, एवढं धरून लिहा.

सदर_कॅप्टन
पहिले फोटो, मग पोछा. आपली पोरं नेमकं उलटं करतात. गेस्ट उठला रे उठला की वायपर घेऊन धावतात. दुसरं कोणी पडू नये म्हणून तिथे खुर्ची आडवी लावा, माणूस उभा करा, पण फरशी पुसायच्या आधी 4-5 फोटो झालेच पाहिजेत. सरळ वरून काढला तर पाणी दिसतच नाही. खाली बसून, समोर दिवा येईल असा तिरपा काढा, चमक दिसते. एक फोटो लांबून, कूलर, टेबल आणि पिवळा बोर्ड एकत्र येईल असा. बोर्ड होता तिथेच राहू द्या. नंतर सरकवून काढलेला फोटो सीसीटीव्हीत उघडा पडतो.

भोजनालय_भाऊ
आम्ही तर सरळ लिहून घेतो, "माझी काही तक्रार नाही", खाली सही. विषय संपला.

जुना_ड्यूटी_मॅनेजर
भाऊ, नाही संपत. हात दुखत असलेल्या माणसाकडून घाईत घेतलेली सही पुढे फारशी टिकत नाही, उलट तुम्ही काही लपवून राहिले असं दिसते. ग्राहक आयोगात तक्रार करायला 2 वर्षं असतात. तोवर तो कॅप्टन नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.
सही घ्यायची तर त्याच्या शब्दांखाली घ्या. समजा बाई म्हणाल्या, "हात धुवून येत होते, डावा पाय सरकला, उजव्या हातावर पडले." हे जसंच्या तसं लिहा, वाचून दाखवा. "बाई घाईत होत्या", "चप्पल गुळगुळीत होती" ही आपली मतं झाली. चपलेच्या तळव्याचा फोटो त्यांना विचारून काढा, मत लिहू नका. तसंच दवाखान्यात न्यायची तयारी दाखवली आणि त्या नको म्हणाल्या, तर किती वाजता विचारलं, कोणी विचारलं, त्या काय म्हणाल्या, हेही लिहा. तुमच्या "तक्रार नाही"पेक्षा ही ओळ जास्त कामाची.

आणि "किरकोळ" हा शब्द काढून टाका. ते डॉक्टरचं काम. मनगटाजवळच्या लहान हाडाची चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेतही दिसत नाही, तिथे आपण नुसत्या नजरेनं काय ठरवणार? दिसते तेवढं लिहा : उजवं मनगट, अंगठ्याच्या बाजूनं सूज, कातडी फाटली नाही, बोटं हलवता येतात, अंगठा हलवताना दुखते. डावं-उजवं चुकलं की सगळा कागद संशयात येतो. बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आधी काढायला सांगा, तेही लिहा.

गोंदियाकर_ताई
डोक्याला लागलं असेल तर?

जुना_ड्यूटी_मॅनेजर
ताई, मग कागद बाजूला, पहिले 108. शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, पडण्याआधीचं आठवते का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारून लिहा. तेच उत्तर अॅम्ब्युलन्सवाल्यालाही सांगायचं असते. गेस्ट नाहीच म्हणाला तर एकट्यानं गाडी चालवत जाऊ देऊ नका. सोबत कोण गेलं, त्याचा नंबर घ्या. आपल्याकडून दुखण्याची गोळी देऊ नका. बर्फ, पट्टी दिली तर किती वाजता दिली ते लिहा.

तर्री_जास्त
आमच्याकडे कढई उलटून पोराचा हात भाजला, त्याचं पण असंच लिहायचं का?

सदर_कॅप्टन
तो कामगार, त्याचा रस्ता वेगळा. ईएसआयसीचं पाहा, इथे गेस्टचं चालू आहे. हातावर नळाचं साधं पाणी 20 मिनिटं सोडलं ना? टूथपेस्ट नका लावू बावा.

डीव्हीआर_दादा
सीसीटीव्हीचं कोणीच बोललं नाही. "महिनाभर राहते" या भरवशावर राहू नका. डिस्क केवढी, कॅमेरे किती, यावर आहे. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जाते, काही ठिकाणी 8-10 दिवसांतच. त्याच रात्री क्लिप पेनड्राइव्हवर काढा. नुसती पडण्याची नको, आधीचा एक तास आणि नंतरचा अर्धा तास घ्या. पाणी केव्हा आलं, पोछा केव्हा मारला, बोर्ड केव्हा ठेवला, ते त्या आधीच्या तासातच असते.
दुसरं, घड्याळ. डीव्हीआर आणि मोबाइल शेजारी धरून एक फोटो काढा. डीव्हीआर 11 मिनिटं पुढे असेल तर रजिस्टरमध्ये 9:10 आणि क्लिपमध्ये 9:21 दिसते, आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

खसची_ताटी
हे 11 मिनिटांचं भारी. जागा कशी लिहिता? "कूलरजवळ" म्हणजे हॉलमध्ये चार कूलर.

सदर_कॅप्टन
टाइल मोजायच्या. "बेसिनच्या दारापासून आत सहावी टाइल, खिडकीच्या भिंतीपासून तिसरी, टाइल 2 फुटांची." दोन पक्क्या जागांपासून माप घेतलं की दोन वर्षांनीही तिथे बोट ठेवता येते. टेबल नको, टेबल रोज सरकतात. पाण्याचंही तसंच, "कूलर लीक होता" नाही, "कूलरच्या डाव्या पायापासून दीड फूट ओघळ, टाकी काठोकाठ भरलेली."

वर्धा_रोड
टाकी काठोकाठ म्हणजे बॉल अडकला. त्याची दांडी खाली वाकवा थोडी, नाहीतर बदलून टाका. गवत नवं असलं तरी पाणी बाहेर फेकते काही दिवस.

गोंदियाकर_ताई
गवतापेक्षा हनीकोम्ब बरं, हो ना?

वर्धा_रोड
ताई, हवा गवताचीच.

भोजनालय_भाऊ
बरं, सही सोडतो. पण बिल माफ करता की नाही? आम्ही रद्दच करतो.

जुना_ड्यूटी_मॅनेजर
रद्द नका करू! गेस्ट तुमच्याकडे किती वाजेपर्यंत होता, सोबत कितीजण, कोणत्या टेबलवर, याचा पक्का कागद तोच. द्यायचं असेल तर पूर्ण सूट टाका, बिल नंबर राहू द्या आणि रजिस्टरमध्ये चढवा. बाजूच्या टेबलचंही बिल नंबर लिहा. पाहणारे तेच असतात, आणि त्यांचा फोन आत्ता नाही घेतला तर परत भेटत नाहीत. आपल्या वेटरची साक्ष आहेच, पण ती आपल्या माणसाची.

तर्री_जास्त
अन् सॉरी म्हणायचं की नाही? मालक म्हणतो, म्हटलं की चूक कबूल.

सदर_कॅप्टन
"लागलं तुम्हाला, वाईट वाटलं" म्हणा ना. "आमच्या कूलरमुळे झालं, खर्च आम्ही देऊ" हे मॅनेजरनं बोलू नये. विमा असेल तर पॉलिसीत बहुतेक लिहिलेलंच असते की कंपनीला न विचारता कबुली द्यायची नाही.

गोंदियाकर_ताई
मला नाही पटत. बाईचं मनगट सुजलंय आणि तुम्ही शब्द मोजून राहिले.

जुना_ड्यूटी_मॅनेजर
ताई, म्हणूनच लिहिणारा एक आणि बाईजवळ बसणारा दुसरा ठेवायचा. एकाच माणसाकडून दोन्ही नाही होत.

खसची_ताटी
लिहिलेल्याची कॉपी गेस्टला देता का कोणी?

सदर_कॅप्टन
आम्ही नाही देत.

जुना_ड्यूटी_मॅनेजर
त्यांच्या स्वतःच्या शब्दांचं पान मागितलं तर मी देतो. बाकीचं विमा कंपनीला विचारून.

डीव्हीआर_दादा
पेनड्राइव्हवर तारीख लिहून पाकीट बंद करा रे. लग्नाचे फोटो टाकायला घेऊन जातात पोरं.