मदत हवी आहे: साडेतीन वर्षांच्या मुलाचा ओला खोकला दम्याचा की जिवाणूंचा?

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला चार आठवड्यांहून अधिक काळ खोकला असून तो कोरडा नाही. छातीवर हात ठेवला की आत कफ घरघरताना जाणवतो. दमा समजून दिलेल्या सालब्युटामॉलच्या पंपाने काहीच फरक पडला नाही, आणि दम्यात ऐकू येणारी शिट्टीसारखी सूं-सूं डॉक्टरांना कधीच आढळली नाही. वजन, भूक, छातीचा एक्स-रे ठीक असल्याने त्यांनी आता दीर्घकालीन जिवाणूजन्य ब्राँकायटिस धरून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे प्रतिजैविक दोन आठवड्यांसाठी दिले आहे. पहिला आठवडा संपत आला, खोकला निम्म्यावर आला आहे (पंपाला ही किमया जमली नव्हती). दोन आठवड्यांनंतरही ओलावा उरल्यास औषध चार आठवड्यांपर्यंत वाढवतात, आणि तरीही न थांबल्यास श्वासनलिका दुर्बिणीने आतून पाहण्याच्या ब्राँकोस्कोपीसारख्या तपासण्या करतात, असे कळले. ज्यांची मुले यातून गेली, त्यांचा खोकला औषध संपल्यावर उलटला का, आणि तेव्हा डॉक्टरांनी पुढे काय केले?