मदत हवी आहे: सँक्शन लेटरमधला हप्ता हिशोबाशी जुळत नाही, सही करू का?

शाईपेन
गृहकर्ज मंजूर झालंय. सँक्शन लेटर शुक्रवारी संध्याकाळी हातात आलं आणि सोमवारी सह्यांना बोलावलंय. एकूण पाच पानं. पहिल्या पानावर रक्कम ३०,००,०००, व्याज ८.५० टक्के फ्लोटिंग, मुदत २४० महिने, हप्ता २६,३०५. बोलणी चालू असताना साहेबांनी 'सव्वीस हजार आणि वर थोडे' एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे मला काही खटकलं नाही. काल नवऱ्याने सहज मोबाइलवर हिशोब केला तर २६,०३५ आले. महिन्याला २७० चा फरक. हा टायपिंगचा घोळ आहे की दरच वेगळा लावलाय? कसं ओळखायचं? उरलेली चार पानं अजून वाचलेली नाहीत. हो, ओरडा मला.

मीच_ती
अगं, माझ्या कर्जात विमा घुसवला होता! न विचारता प्रीमियम कर्जात मिळवला आणि हप्ता वाढला. तुझंही तेच असणार. मी तर पुढे जाऊन दर कमी करून घेतला, तूही घासाघीस कर. पाव टक्का सहज सुटतो.

शाईपेन
ताई, दर मला मान्य आहे. पत्रात जे छापलंय ते बरोबर आहे का, एवढाच प्रश्न आहे. विम्याचा फॉर्म भरल्याचं तरी आठवत नाही.

जमाखर्च
कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी २७० ला ९ ने भागा. बरोबर ३० येतात. टाइप करताना शेजारचे दोन आकडे उलटले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. ताळा जुळला नाही की आम्ही सगळ्यात आधी हेच बघायचो. २६,०३५ आणि २६,३०५ एकाखाली एक लिहून बघा, ० आणि ३ ची अदलाबदल दिसेल. पण योगायोगानेही ९ ने भाग जातो, म्हणून उलट बाजूनेही तपासा. रक्कम, दर, मुदत आणि हप्ता या चारांपैकी तीन ठरले की चौथा आपोआप ठरतो. स्प्रेडशीटमध्ये हे तीन टाका:

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
=NPER(8.5%/12,-26305,3000000)
=RATE(240,-26305,3000000)*12
```

पहिल्यात २६,०३५ मिळेल. दुसरं सांगतं की २६,३०५ हप्ता खरा असेल तर कर्ज २३३.७ महिन्यांत फिटायला हवं. तिसरं सांगतं की मुदत २४० च असेल तर दर सुमारे ८.६४ टक्के हवा. (तो खाना टक्केवारीत बदलून घ्या, नाहीतर ०.०८६४ दिसेल.) ८.६४ दर काय आणि २३३.७ महिने काय, असे अडनिडे आकडे सहसा कोणी मंजूर करत नाही. म्हणजे दर आणि मुदत बरोबर असून हप्ताच चुकला असण्याची शक्यता जास्त.

मीच_ती यांचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. साधारण ३१ हजारांचा प्रीमियम कर्जात मिळवला तरी हप्ता नेमका २७० नेच वाढतो. त्यामुळे केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, काढून बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं आणि परतफेडीचा तक्ता त्याच्यासोबत असतो. पत्र बऱ्याचदा जुन्या फाइलवर नवं नाव टाकून बनतं, तक्ता मात्र संगणक काढतो. त्याची पहिली ओळ वाचा. ३० लाखांवर ८.५० ने पहिल्या महिन्याचं व्याज २१,२५० होतं. मुद्दलात ४,७८५ जायला हवेत. पहिल्याच ओळीतलं व्याज २१,२५० पेक्षा जास्त असेल तर दर तरी वेगळा आहे किंवा रक्कम तरी.

शाईपेन
तक्ता मिळाला, ईमेलमध्ये होता. पहिली ओळ: व्याज २१,२५०, मुद्दल ४,७८५, हप्ता २६,०३५. विमा कुठेच नाही. आणि आता गंमत बघा, पत्रात आकड्यांत २६,३०५ असलं तरी पुढे अक्षरी 'सव्वीस हजार पस्तीस फक्त' असं आहे! हे मी आधी वाचलंच नव्हतं.

कलम_बहाद्दर
मग चिंता कसली? अक्षरी आणि आकडे यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. तसा कायदाच आहे. सही करून मोकळ्या व्हा.

जमाखर्च
कायदा आहे, पण तो चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीचा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १८. मंजुरीपत्र त्यात बसत नाही. वाद झाला तर अक्षरी रकमेचं वजन पडेलही, पण चूक सहीआधी दिसलेली असताना वादाची तयारी कशाला करायची? पत्रच बदलून मागा.

एक सूचना. खात्यातून हप्ता वळता करायच्या मॅंडेटवर २६,०३५ पेक्षा मोठी रक्कम दिसली तर घाबरू नका. तिथे बहुधा कमाल मर्यादा लिहिलेली असते, ती हप्त्यापेक्षा जास्तच ठेवतात. आणि आता ती उरलेली पानं वाचा.

शाईपेन
वाचली. पान ४ वरच्या अटी उतरवते:
'व्याजदर संपूर्ण मुदतीसाठी स्थिर राहील.'
'मुदतपूर्व परतफेडीवर शिल्लक रकमेच्या २ टक्के शुल्क.'
'आरसी बुकाची प्रत ६० दिवसांत जमा करावी.'
घराला आरसी बुक कुठून आणू??

मीच_ती
😂😂 घराला चाकं बसवून घे.

जमाखर्च
ते पान वाहनकर्जाच्या पत्रातलं आहे. आरसी बुकामुळे सापडलं, नाहीतर वरच्या दोन अटी निमूट गेल्या असत्या. हप्त्यातली चूक तक्त्यामुळे केव्हाही उघडी पडली असती, ही पडली नसती. घरासाठी, व्यक्तीच्या नावावर, फ्लोटिंग दराने घेतलेलं कर्ज लवकर फेडलं तर बँकेला शुल्क लावता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 'स्थिर' या एका शब्दामुळे तुम्ही त्या नियमाबाहेर आहात असं म्हणायला जागा मिळते. उद्या निम्मं कर्ज, समजा १५ लाख, शिल्लक असताना दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलंत तर २ टक्के म्हणजे ३०,००० होतात. पान ४ च्या तळाशी संदर्भ क्रमांक आहे का? तो पान १ शी जुळतो का?

शाईपेन
जुळत नाही! शेवटचे चार आकडे वेगळेच आहेत.

(सोमवार, दुपारी)
शाखेत जाऊन आले. साहेब म्हणाले, हप्ता सिस्टिम काढते, पत्रातल्या आकड्याला काही अर्थ नसतो. मग पेनने ३ खोडून शेजारी बारीक सही करायला निघाले. मी थांबवलं. पान ४ दाखवल्यावर मात्र म्हणाले, 'ह्या स्टॅंडर्ड अटी आहेत, सगळ्यांना त्याच असतात.' आरसी बुकावर बोट ठेवलं तेव्हा जरा वेळ गप्प बसले.

जमाखर्च
खाडाखोड नको. मूळ प्रत त्यांच्याकडे राहते, तुमच्याकडे झेरॉक्स, आणि दोन्हींवरची दुरुस्ती सारखी आहे हे कोण बघणार? नव्या तारखेचं, 'आधीचं पत्र रद्द' असं लिहिलेलं सुधारित पत्र मागा. दोन्ही चुका पान क्रमांक देऊन ईमेलवर कळवा. कर्जाच्या करारातही दराचं कलम वाचा, पुढे वाद झालाच तर तोच काढून बघतात.

कलम_बहाद्दर
चेकचं कलम इथे लागत नाही, मान्य. पण नवं पत्र म्हणजे नवी तारीख, मग दरही त्या दिवशीचा लावला तर?

जमाखर्च
तो धोका आहे. काही बँका जुनाच दर कायम ठेवतात, काही ठेवत नाहीत. ईमेलमध्येच 'मूळ मंजुरीच्या दराने' असं लिहून टाका. मान्य करतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

शाईपेन
ईमेल तसाच टाकला. संध्याकाळी पान १ सुधारून आलं, हप्ता २६,०३५. पान ४ 'लीगलकडे पाठवलंय' म्हणे. सही केलेली नाही. घर विकणाऱ्यांना आठवडाभर थांबायला सांगितलंय, ते जरा कुरकुरले. काही कळलं की इथेच लिहिते.