मदत हवी आहे: "आकाशात थाळी कुठे असते?"

चौथीच्या मुलांना मोसमी पाऊस का पडतो हे मी किटली आणि थंड थाळीने दाखवते. स्टीलच्या थाळीत बर्फ ठेवून ती वाफेवर किंचित तिरकी धरली, की खालून थेंब जमतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि टपकतात. (बर्फ नसेल तर थाळी लगेच तापते, थेंब थांबतात.) इथपर्यंत झकास. मग हमखास प्रश्न येतो, "बाई, आकाशात थाळी कुठे असते?"

थाळी म्हणजे सह्याद्री असं सांगितलं, तर मुलांना वाटतं ढग थंड दगडाला आपटतात. खरं तर समुद्रावरची दमट हवा डोंगरामुळे वर चढते, वर दाब कमी म्हणून प्रसरण पावते आणि त्यानेच थंड होते. बाटलीतला ढगही करून पाहिला: तळाला कोमट पाणी, थोडा उदबत्तीचा धूर, बूच लावून बाटली दाबायची आणि सोडायची. धुकं दिसतं, पण त्याचा किटलीशी संबंध मुलांना लागत नाही.

वर्गात 40 मुलं, तास 35 मिनिटांचा, व्हॅक्युम पंप वगैरे नाही. किटली मीच हाताळते.

हवा पसरली की गार होते, हे मुलांच्या हाताला जाणवेल असं काय करता येईल? आणि ते किटलीच्या आधी दाखवावं की नंतर?