दोन पर्याय बरोबर वाटले तर पहिला टिकवायचा? (सीईटी लॉ / क्लॅट)

ओवळ्याचे बाबा: लॉ एंट्रन्सला बसणाऱ्या मुलांसाठी अनुभवाचे बोल. दोन पर्याय बरोबर वाटले की डोकं चालवत बसू नका. पहिला मनात आलेला टिकवा, अजिबात बदलू नका. तेही जमेना तर लांबलचक वाक्याचा पर्याय मारा, बरोबर तोच असतो. माझ्या मुलीने असंच करून सीईटी काढली.

नौपाड्याचा काळा कोट: साहेब, मुलीचं अभिनंदन, पण हा सल्ला वाचून काल रात्री जेवण गोड लागलं नाही. संध्याकाळी चारपाच मुलांना शिकवतो. त्यातल्या एकाने हेच ऐकून मॉकमध्ये लीगलचे सगळे लांब पर्याय मारले होते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दोन पर्याय बरोबर वाटतात, कारण बहुतेक वेळा दोन्हींचा निकाल एकच असतो. दोन्हीकडे ‘भरपाई मिळेल’. भांडण असतं ते ‘कारण’ या शब्दानंतर. मुलं निकाल वाचून मान डोलावतात आणि कारण घाईत गिळतात. हा मी पोरांसाठी लिहिलेला प्रश्न बघा.

तत्त्व: जो धोका स्वतःहून पत्करतो, त्याला त्या धोक्याने झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. मात्र धोका माहीत असणं म्हणजे तो पत्करणं नव्हे.
प्रसंग: चौकात दहीहंडीचे थर लागलेत. संगीताला कामावरून घरी जायला तीच एक वाट. थर कोसळू शकतात हे तिला ठाऊक आहे. ती कडेकडेने निघते, वरचा गोविंदा तिच्यावर पडतो, तिचा हात मोडतो.
(अ) भरपाई नाही, कारण धोका तिला माहीत होता.
(ब) भरपाई नाही, कारण उत्सवात असं व्हायचंच.
(क) मिळेल, कारण आयोजकांनी दोरी बांधून वाट मोकळी न ठेवणं हा निष्काळजीपणा आहे.
(ड) मिळेल, कारण धोका माहीत असला तरी तिने तो पत्करलेला नव्हता.

अ आणि ब पाच सेकंदांत जातात. अ तर तत्त्वाच्या दुसऱ्या वाक्यानेच मरतो. उरले क आणि ड. आता ‘कुठला जास्त पटतो’ हे विचारायचंच नाही. दोन्ही पटतात, ठाण्यात राहणाऱ्याला क जरा जास्तच पटतो. विचारायचं एवढंच की या कारणासाठी मला उताऱ्याबाहेरून काय आणावं लागतं? क साठी दोरी आणावी लागते. प्रसंगात दोरीचा शब्द नाही. बांधली होती की नव्हती, आपल्याला माहीत नाही. निष्काळजीपणाही तत्त्वात नाही. ड साठी काहीच आणावं लागत नाही, तत्त्वाच्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवता येतं. क कापा, पुढे चला. सवय झाली की वीस सेकंद लागतात.

आणि लांबीचं म्हणाल तर इथे लांब पर्याय क आहे.

सीवूड्स लोकल: एवढं पुराण कशाला? सोपा नियम आहे. ज्या पर्यायात ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असं टोकाचं काही असेल तो चूक. मी दोन वर्षं हेच वापरलं.

नौपाड्याचा काळा कोट: अर्धं खरं. इंग्रजीच्या उताऱ्यात लेखक ‘बहुधा’ म्हणत असेल आणि पर्याय ‘नेहमी’ म्हणत असेल तर जरूर कापा. पण लीगलमध्ये तत्त्वच कधी कधी टोकाचं असतं. तत्त्व म्हणालं की ‘अल्पवयीनाशी केलेला करार अगदी सुरुवातीपासून रद्दबातल’, तर ‘कोणत्याही परिस्थितीत अंमलात येणार नाही’ हाच पर्याय बरोबर आणि ‘परिस्थितीनुसार येऊ शकेल’ हा गुळमुळीत पर्याय चूक. शब्द टोकाचा आहे का हे बघू नका, उताऱ्यापेक्षा टोकाचा आहे का हे बघा.

सीवूड्स लोकल: बरं. म्हणजे माझा नियम बरोबर, फक्त उलटा.

वाशीची आई: माझ्या मुलाने क्लॅटला अठरा प्रश्न कोरे सोडले. म्हणाला, दोन पर्यायांत अडकलो आणि निगेटिव्हची भीती वाटली. नवी मुंबईत दहावीपर्यंत पहिल्या तिघांत असायचा. क्लासची फी भरताना मंगळसूत्र तेवढं गहाण टाकायचं राहिलं होतं. आता बारावीनंतर एक वर्ष थांबवावं की काय?

नौपाड्याचा काळा कोट: ताई, वर्ष थांबवायचं का हा वेगळा विषय, पण कोरे सोडणं हीच चूक. क्लॅटला चुकीचा पाव मार्क जातो. खरोखर दोनच पर्याय उरले असतील तर अठरांपैकी सरासरी नऊ येतात, नऊ जातात. नऊ वजा सव्वादोन, म्हणजे पावणेसात. कोऱ्याचे शून्य. सीईटीला तर निगेटिव्हच नाही, तिथे कोरा सोडणं म्हणजे पैसे रस्त्यावर टाकणं. पण पेपर घरी असेल तर तपासा: ते अठरा खरंच दोनवर आले होते का? पुष्कळदा मूल ‘दोनमध्ये अडकलो’ म्हणतं तेव्हा चौथा पर्याय वाचलेलाच नसतो.

वाशीची आई: पेपर रद्दीत गेला. पावणेसात म्हणालात ते वाचून आता झोप नाही यायची.

कळव्याचा मराठी माध्यम: तुम्ही लोक ‘फक्त शब्द तपासा’ म्हणता. मी सीईटी मराठीतून दिली. माझे दोन पर्याय माझ्या चुकीने सारखे दिसत नव्हते. सरावाच्या एका संचात असं होतं: माणूस शेजाऱ्याच्या कपाटातून न विचारता पैसे घेतो आणि तिसऱ्याच्या औषधाला देतो. एक पर्याय, ‘चोरी आहे, कारण त्याचा हेतू काहीही असला तरी उद्देश अप्रामाणिक होता’. दुसरा, ‘चोरी नाही, कारण त्याचा हेतू चांगला होता’. आता सांगा, आमच्या घरी हेतू आणि उद्देश यात फरक कोण करतं? मी दुसरा मारला. चूक.

सीवूड्स लोकल: मग इंग्रजीतून द्यायची ना. मोटिव्ह आणि इंटेन्शन, प्रश्नच मिटला.

कळव्याचा मराठी माध्यम: हो का? ठाण्याच्या कोर्टनाक्यावर येऊन बघ, अर्ज कुठल्या भाषेत लिहितात. पोलिसांची फिर्याद मराठी, साक्ष मराठी, आणि वकील व्हायचं तर सीवूड्सच्या इंग्रजीत? परीक्षा मराठीतून घेता येते म्हणतात तर ती मराठीत विचार करून लिहा ना. भाषांतर करून टाकायचं आणि मग आम्हाला म्हणायचं वाचन कमी आहे!

सीवूड्स लोकल: मी काय चुकीचं बोललो? तू परीक्षा बदलणार आहेस की पास होणार आहेस?

कळव्याचा मराठी माध्यम: दोन्ही.

कोपरीच्या निवृत्त बाई: भांडू नका, पण मुलगा बरोबर बोलतोय. तीस वर्षं मराठी शिकवलं. ‘हेतुपुरस्सर’ म्हणजे आपण मुद्दाम, जाणूनबुजून म्हणतो ना? म्हणजे त्या शब्दात हेतू हा इंटेन्शनच झाला. आणि कायद्याच्या पुस्तकात हेतू म्हणजे मोटिव्ह. एकाच भाषेत एक शब्द दोन गादीवर बसवला तर पोराने काय करावं? संमती, परवानगी, अनुमती यांचं तेच. मी दहावीच्या पेपरात असे पर्याय दिले असते तर पालक शाळेवर मोर्चा घेऊन आले असते.

नौपाड्याचा काळा कोट: बाई, तक्रार मान्य. पण परीक्षेच्या खोलीत तक्रार करता येत नाही, तिथे काय करायचं ते सांगतो. शब्दावरून अडलं की शब्द सोडा आणि तत्त्वात काय विचारलंय ते बघा. चोरीच्या तत्त्वात कपाटातून हलवणं, संमती नसणं आणि अप्रामाणिकपणा, एवढंच आहे. नंतर पैसे कुणाला दिले हा भाग तत्त्वात कुठेच नाही. म्हणजे ‘हेतू चांगला’ हे कारण पुन्हा बाहेरून आणलेलं. दोरीसारखंच.

कळव्याचा मराठी माध्यम: हे पटलं. पण तत्त्वात ‘अप्रामाणिकपणा’ म्हटलंय, आणि औषधासाठी पैसे देणारा माणूस मला अप्रामाणिक वाटत नाही. हा शब्दही तुम्ही रोजच्या अर्थाने घेत नाही, पुस्तकी घेता. मग ‘बाहेरून काही आणू नका’ हा नियम कुठे गेला?

नौपाड्याचा काळा कोट: चांगला चिमटा काढलास. त्या शब्दाचा अर्थ संचात दिला नसेल तर प्रश्न वाईट. दिला असेल तर दुसऱ्याचं बेकायदा नुकसान करायचं ठरवणं हाच अप्रामाणिकपणा, औषध असो की दारू.

तिसऱ्या वर्षाची मुलगी: सर, तुमच्या दहीहंडीवर एक हरकत. धोका पत्करणं हा बचाव आहे. तो पडला म्हणजे भरपाई आपोआप मिळत नाही. आधी आयोजकांची चूक दाखवावी लागते, ती दाखवणारा पर्याय क आहे. खऱ्या कोर्टात ड म्हणून निकाल नाही लागणार. स्मिथ विरुद्ध बेकर, 1891, त्यातही कामगाराला धोका माहीत होता म्हणून दावा पडत नाही एवढंच ठरलं. मालकाची हलगर्जी आधीच होती.

नौपाड्याचा काळा कोट: ... मान्य. प्रश्न ‘आयोजकांचा बचाव टिकेल का’ असा हवा होता. मीच लिहिलाय, मीच भोगतो. तरी या संचात उत्तर ड, कारण क साठी दोरी लागते आणि दोरी दिलेली नाही. कायदा शिकलेल्यांना हे सगळ्यात जड जातं. बारावीचं पोर ड मारून पुढे जातं, तीन वर्षं शिकलेला क मारतो आणि घरी येऊन वाद घालतो.

तिसऱ्या वर्षाची मुलगी: म्हणजे मी बरोबर आणि मार्क शून्य. छान. बाकी पेपर काढणारेही चुकतातच. 2024 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्लॅटच्या उत्तरसूचीतलं एक उत्तर बदलायला आणि एक प्रश्न वगळायला सांगितलं होतं. ‘दोन्ही बरोबर वाटतात’ म्हणणारं पोर दर वेळी मूर्खच असतं असं नाही.

सीवूड्स लोकल: पण खोलीत बसून कोर्टात जाता येत नाही. घड्याळ चालू असताना काय?

नौपाड्याचा काळा कोट: पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारलात. क्लॅटला 120 मिनिटांत 120 प्रश्न, आणि उतारेही त्याच वेळात वाचायचे. दोरी शोधून वीस सेकंदांत सापडली नाही तर त्या प्रश्नाचं काम संपलं. क्लॅट ओएमआरवर पेनाने असते, तिथे ‘मग बदलू’ ही सोय नाही. म्हणून पुस्तिकेत दोन्ही पर्यायांशेजारी टिंब मारा, गोल भरू नका, आणि उताऱ्याचे बाकीचे प्रश्न संपले की परत या. पुढच्या प्रश्नाने कधी कधी तत्त्व नीट उलगडतं. सीईटी संगणकावर असते, तिथे एक पर्याय निवडून मगच Mark for Review करा. नुसतं मार्क केलं तर ते कोरंच राहतं. आणि हे सगळं लीगलपुरतं. सामान्य ज्ञानाला बोट ठेवायला उताराच नसतो, तिथे ओवळ्याच्या बाबांचा पहिला अंदाज चालवा हवा तर.

ओवळ्याचे बाबा: अखेर माझी आठवण झाली. मुलीला आत्ता विचारलं. म्हणते, “बाबा, मी तीन उत्तरं बदलली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता.” लांबीचं मात्र मी अजून सोडत नाही.

कळव्याचा मराठी माध्यम: काका, त्या तीनपैकी किती बरोबर आली?

ओवळ्याचे बाबा: दोन. आणि तिसरं लांब होतं.